गुळव्याच्या पोटातली आग

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, म्हणजे गुऱ्हाळांचा हंगाम अजून चालू. करवीर तालुक्यातल्या एका गावचे गुळवे दवाखान्यात आले, सोबत बायको. वय ४७. गुळव्या म्हणजे काहिलीसमोर उभा राहून पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळते का बघायची आणि 'उतरा' म्हणायचं. त्या एका शब्दावर अख्ख्या आदणाचा भाव ठरतो. अशा माणसाची जीभ आणि बोटं शाबूत असावी लागतात. यांची बोटं शाबूत होती.

"डॉक्टर, पोटात नुसती आग पडलीया. आणि जेवान जाईना."

या दोन वाक्यांवर एका मिनिटात ॲसिडिटीची गोळी लिहून देता येते. आधी दोन ठिकाणी तेच झालं होतं. पँटोप्राझोलची पट्टी त्यांच्या खिशातच होती, दोन महिने चालू. गोळी घेतली की दिवस जरा बरा जायचा, रात्र तशीच. वजन मात्र गेल्या दिवाळीला ६१ किलो होतं ते आता साडेचौपन्न. तीन-चार महिन्यांत साडेसहा किलो, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. ४७ वर्षांच्या माणसाचं इतकं वजन आपोआप उतरलं असेल, तर ते 'तंबाखूमुळं असेल' म्हणून सोडून देता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळी चर्चा तंबाखूचीच आहे.

तंबाखू खाता का, असं विचारलं की कोल्हापूर भागात उत्तर ठरलेलं असतं: "खातो की, थोडी." थोडीचा अर्थ काहीही होतो. म्हणून मी विचारतो, पुडी किती दिवस पुरते, पहिला बार कधी आणि शेवटचा कधी. गुळव्यांचं गणित असं निघालं. पहाटे तीनला चुलवाण पेटतं, पहिला बार त्याच्याही आधी, तोंड धुतल्या धुतल्या. मग कोरा चहा. त्यानंतर प्रत्येक आदणाला दोन-तीन बार. दुपारी गावातल्या पानपट्टीवर मावा, म्हणजे सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घासून दिलेला. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, पण मावा हातानं घासून मिळतो आणि तोंडाला दोन्ही सारखेच. रात्री जेवणानंतर आणखी एक बार.

"तो थुंकून झोपता?"

ते हसले. उत्तर वहिनींनी दिलं. "कुठलं थुंकतायत, तसंच झोपत्यात. सकाळी उशीला डाग."

हा प्रश्न मी प्रत्येक तंबाखूवाल्याला विचारतो: थुंकता की गिळता? पिंक टाकणारा आणि रस गिळणारा, दोघांचं व्यसन एकच असलं तरी पोटाला पोचणारा माल वेगळा असतो. गुळव्यांचा प्रकार मिश्र होता. दिवसा थुंकायचं, पण काहिलीसमोर उभं असताना गुळात पिंक पडायला नको म्हणून गिळायचं. धंद्यातली ही शिस्त चांगलीच, फक्त तिची किंमत त्यांचं पोट मोजत होतं. आणि रात्रभर तर सगळंच गिळलं जायचं.

तोंड तपासलं. डाव्या बाजूला खालच्या ओठाच्या आत, जिथं बार धरतात तिथं, कातडी पांढरट आणि सुरकुतलेली. गालाचा आतला भाग फिकट, बोटानं दाबला तर ताठर लागत होता. मग त्यांना त्यांचीच तीन बोटं उभी धरून दातांत घालायला सांगितली. ही साधी घरगुती चाचणी आहे, निरोगी माणसाची तिन्ही बोटं सहज जातात. यांची अडीच गेली. मोजपट्टीवर ३४ मिलिमीटर.

इथं माझ्या डोक्यात त्यांच्या तक्रारीचे दोन तुकडे झाले. 'जेवान जाईना' याचा अर्थ मी तोवर 'भूक लागत नाही' असा धरला होता. विचारलं, "ताटात तांबडा रस्सा आला तर?"

"तोंडाची सालं निघत्यात. वर्ष झालं, पांढराच घेतो. आता त्योबी झोंबतो."

म्हणजे भूक नसणं ही एक गोष्ट, आणि खाता न येणं ही दुसरी. सुपारीमुळं गालाच्या आतल्या कातडीखाली धागे धरू लागतात, कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. त्या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा तिखट सोसत नाही इथूनच होते. जिथं मिसळीचा कट आणि रस्सा हे जेवणाचं दुसरं नाव आहे, तिथं तिखट सोडलेला माणूस घरच्यांना 'हल्ली जेवतच नाही' असा दिसतो. पोटाची कितीही औषधं दिली तरी ही तक्रार जाणार नव्हती, कारण ती पोटाची नव्हतीच.

तिसरा तुकडा वहिनींनी दिला. "खाल्लं की जळतंय म्हणून अर्ध्या भाकरीवर उठत्यात." हा जेवणाचा धाक. तेव्हा केसपेपरवर मी तीन ओळी लिहिल्या: भूक मेली आहे, तोंड सोसत नाही, जळजळीची भीती वाटते. कारणं तीन आणि तिघांचा मुक्काम एकाच चंचीत. तरी तिन्हींचा रस्ता वेगळा आहे. तो कळला की कुठली तक्रार किती दिवसांत कमी होईल हेही सांगता येतं.

आधी चुना, कारण सगळा खेळ तिथून चालू होतो. तंबाखूतलं निकोटीन आंबट पाण्यात गालातून फारसं आत शिरत नाही. चुना लावला की तोंडातलं पाणी अल्कधर्मी होतं आणि तेच निकोटीन गालाच्या कातडीतून काही मिनिटांत रक्तात उतरतं. तंबाखू चुन्याशिवाय 'लागत' नाही असं जे म्हणतात, ते रसायनशास्त्राला धरूनच आहे. चुन्यामुळं पोटातलं ॲसिड मरतं, ही समजूत मात्र खोटी. गुळव्यांनीही मला तेच ऐकवलं: "बार भरला की धा मिंटं बरं वाटतंय, चुना थंड पडतोय." पोट दिवसाला दीड-दोन लिटर आम्लरस तयार करतं, त्यापुढं नखभर चुना काय करणार? धा मिंटं बरं वाटतं ते दुसऱ्याच कारणानं. निकोटीनची तलफ भागते, तोंडाला पाणी सुटतं, ते गिळलं की अन्ननलिका तेवढ्यापुरती धुतली जाते. लाळेत सोडा असतो, अन्ननलिकेत वर आलेलं ॲसिड मारायची निसर्गाची सोय तीच. दिवसाला साधारण लिटरभर लाळ आपण नकळत गिळत असतो. पिंका टाकणारा माणूस हा उतारा बाहेर थुंकतो. गिळणारा उतारा आत घेतो, पण त्यात तंबाखूचा अर्क कालवून.

मग या दोघांत बरा कोण? जळजळीच्या बाबतीत दोघंही तोट्यात आहेत, कारण मोठं नुकसान रक्तातून होतं. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधे स्नायूची एक गाठ असते, पिशवीच्या तोंडाला नाडी बांधावी तशी. निकोटीन ती नाडी सैल करतं. बार गालात, ओठात, कुठंही धरा. निकोटीन रक्तात गेलं की नाडी सैल. मग जठरातलं आंबट वर येतं आणि माणूस म्हणतो, घशाशी येतंय. दिवसा उभं असताना ते खाली तरी उतरतं. झोपेत माणूस आडवा असतो, लाळ जवळजवळ थांबलेली असते, गिळणंही क्वचित होतं. वर आलेलं ॲसिड तिथंच बसून राहतं. गुळव्यांचा झोपेतला बार या सगळ्यावर रात्रभर निकोटीनचा पुरवठा चालू ठेवत होता. दिवसाची गोळी रात्री हरत होती ती अशी.

जठराच्या आत दुसरीच गोष्ट घडते. जठर स्वतःच्याच ॲसिडनं भाजत नाही, कारण त्याच्या आतल्या बाजूला चिकट लेप असतो, त्या लेपात सोडा असतो आणि खालून रक्त खेळतं राहतं. निकोटीन हे तिन्ही कमी करतं. पुढं लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंडाकडून जो सोडा येतो, तोही कमी पडतो. सुपारीतलं अरेकोलिन उलट्या बाजूनं काम करतं: लाळ वाढवतं, जठराचा रसही वाढवतं. जेवणानंतर पान खाल्लं की पचन होतं ही आपल्याकडची जुनी समजूत, आणि तिच्यात थोडं तथ्य आहे ते याच रसापुरतं. भरल्या पोटी एक पान आणि रिकाम्या पोटी चार मावे यात फरक एवढाच की दुसऱ्या वेळी सुटलेल्या रसाला पचवायला काही नसतं. लेप पातळ आणि रस जास्त, की मग आग.

आता भूक. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कमी समजून घेतलेला भाग हाच आहे. निकोटीन मेंदूतल्या भुकेच्या केंद्रावर थेट काम करून 'पोट भरलंय' असा खोटा निरोप देतं. शिवाय ते ॲड्रेनलिन सोडायला लावतं, त्यानं यकृतातली साठवलेली साखर रक्तात येते आणि अंगात तात्पुरतं बळ आल्यासारखं वाटतं. ऊसतोडीपासून भट्टीपर्यंत कष्टाच्या कामात तंबाखू भुकेला मारा म्हणून वापरतात, ते उगीच नाही. कागदावर हिशोब मांडून मी तो गुळव्यांना दाखवला. पहाटे तीन ते रात्री नऊ, अठरा तास. बार नि मावे मिळून चौदा. म्हणजे सव्वा तासाला एक. निकोटीन रक्तात निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात. मागचं निम्मंही होत नाही तोवर पुढचं येतंय. दिवसभरात अशी एकही घटका नव्हती की भुकेला आपला निरोप पोचवता यावा.

"मग रातभर?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"रात्री तर बार तोंडातच आहे की, मामा."

यावर मात्र ते गप्प बसले.

तपासण्यांत हिमोग्लोबिन १०.९ आलं, लोहाचा साठाही कमी. बाईच्या रक्तात लोह कमी असेल तर आपण पाळीकडं बघतो. पुरुषाचं कमी झालं तर ते अन्नमार्गातून कुठं झिरपत नाही ना, हे बघावंच लागतं. वजन, रक्त आणि वय, तिन्ही मिळून दुर्बिणीचा निर्णय तिथंच झाला. शहरातल्या पोटविकार तज्ज्ञाकडं पाठवलं. जाताना ते घाबरले होते, आणि खरं सांगायचं तर मीही निश्चिंत नव्हतो. तंबाखू आणि सुपारी दोन्ही खाणाऱ्याच्या अन्ननलिकेत गाठ निघणं यात नवल काही नाही.

गाठ निघाली नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला छोटे लाल ओरखडे, म्हणजे ॲसिड वर येत असल्याचा पुरावा. जठराच्या शेवटच्या भागात वरवरच्या जखमा. अल्सर नाही. तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर नाही, जुनाट सूज मात्र आहे. हेलिकोबॅक्टर या जंतूसाठी तिथंच केलेली झटपट चाचणी निगेटिव्ह.

ही निगेटिव्ह मला पटली नाही. माणूस दोन महिने पँटोप्राझोल घेत होता. ही गोळी चालू असताना जंतू दबून बसतो आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. किमान दोन आठवडे गोळी बंद ठेवूनच ती करायची असते, अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे थांबायचं. आपल्याकडं हा जंतू इतक्या लोकांच्या पोटात असतो की चुकीच्या निगेटिव्हवर विसंबून सगळा दोष तंबाखूवर टाकणं ही आळशी डॉक्टरकी झाली असती. म्हणून गोळी दोन आठवडे बंद करायची ठरली. त्रास झालाच तर साधं पातळ अँटासिड घ्यायचं, त्यानं चाचणीला धक्का लागत नाही.

हे दोन आठवडे फुकट घालवायचे नाहीत असं मी ठरवलं. गुळव्यांना सांगितलं, तंबाखू सोडू नका. ते चमकलेच. फक्त दोन बार बंद: झोपेतला आणि पहाटे रिकाम्या पोटीचा. रात्री जेवण झोपायच्या अडीच तास आधी, मग चूळ भरून झोपायचं. पहाटे आधी अर्धी भाकरी किंवा दोन केळी, मग चहा, मग हवा तर बार. कमरेसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या पूर्ण बंद. (या गोळ्यांचं त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही वहिनींनी कोपरानं ढोसल्यावर. आधी विचारलं तेव्हा उत्तर होतं, औषध कसलंच नाही. कमरेची गोळी हे औषध नसतंच.) एका वहीत तीन खुणा करायच्या: रात्री जळजळ, दिवसा जळजळ, भाकरी किती. वही दहावीतल्या मुलीनं ठेवली, म्हणून ती वाचता आली.

पहिले तीन दिवस रात्री बाराला जाग आणि तलफ, पण चौथ्या दिवसापासून रात्रीच्या रकान्यात फुल्या कमी होऊ लागल्या. दहाव्या दिवशी रकाना रिकामा. ॲसिडची गोळी बंद असताना! दिवसाची आग मात्र चालूच होती, उलट पहिला आठवडा वाढली. गोळी एकदम थांबवली की जठर काही दिवस नेहमीपेक्षा जास्त ॲसिड सोडतं, त्यातला तो भाग असावा. भाकरीचा रकाना जिथल्या तिथं. रात्रीची जळजळ कशानं गेली याचं सगळं श्रेय मी झोपेतल्या बाराला देत नाही. लवकर जेवणाचाही त्यात वाटा आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी चालू केल्यामुळं ते वेगळे काढता येत नाहीत. दोन महिन्यांच्या गोळीनं जे झालं नाही ते गोळीशिवाय झालं, एवढं मात्र वहीत स्वच्छ दिसत होतं.

दोन आठवड्यांनी शौचाच्या नमुन्यावरची जंतूची चाचणी केली. पॉझिटिव्ह.

मग चौदा दिवसांचा कोर्स: ॲसिडची गोळी, दोन अँटिबायोटिक आणि बिस्मथ. बिस्मथनं शौचाला काळं होतं हे आधी सांगून ठेवावं लागतं. एरवी काळी, डांबरासारखी शौचास झाली तर ती रक्तस्रावाची खूण असते आणि तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा असतो. सांगितलं नाही तर माणूस एकतर घाबरतो, नाहीतर पुढं खरंच रक्त गेलं तर 'मागच्या वेळी असंच झालं होतं' म्हणून घरी बसतो. अँटिबायोटिकनं तोंडाला लोखंडी चव येते, त्यामुळं त्या पंधरवड्यात जेवण आणखी कमी झालं. वहिनी वैतागल्या: "औषधानं वाढलं म्हणायचं का?" मी म्हटलं, पंधरा दिवस थांबा.

गोळीची वेळही दुरुस्त केली. ते पँटोप्राझोल सकाळी दहाला, चहा आणि भाकरीनंतर घेत होते. ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी पोटात लागते, कारण जेवणानं जागी होणारी ॲसिडची यंत्रणाच ती बंद पाडते. सगळ्या कागदांवर लिहिलेलं असतं 'सकाळी उपाशीपोटी'. पहाटे तीनला दिवस चालू होणाऱ्या माणसाची सकाळ नेमकी कुठली? आम्ही पहाटेची अडीचची वेळ धरली, खाणं तीनला.

कोर्स संपल्यावर दिवसाची आग बहुतेक गेली. इथं पुन्हा तंबाखूचा दोष कमी धरायला हवा. जंतू आणि कमरेच्या गोळ्या, दोन्ही दूर झाले होते आणि जठराच्या जखमांना ती दोन कारणं पुरेशी आहेत. तंबाखूनं त्या जखमा भरू दिल्या नाहीत, इतकंच मी म्हणेन. चार आठवड्यांनी, ॲसिडची गोळी पुन्हा दोन आठवडे थांबवून, चाचणी केली. जंतू गेला होता.

आणि भूक? भाकरीचा रकाना एप्रिलच्या मध्यालाही दीडवरच अडकला होता. रात्र शांत, दिवस शांत, जंतू गेला, लोहाच्या गोळ्या चालू, तरी माणूस जेवत नव्हता. बार अजून दहा होते. वहिनी मला म्हणाल्या, आता कसलं औषध द्यायचं राहिलंय? टॉनिक मागायचा मोह त्यांना होता आणि द्यायचा मला. भूक वाढवायच्या बाटलीनं काही झालं नसतं. भुकेच्या केंद्रावर दर पावणेदोन तासाला हात ठेवला जात होता.

आता हंगाम संपला होता आणि सोडायला तीच वेळ बरी. काहिलीसमोर तलफ काढणं अवघड, घरी दावणीला जनावरं बघत काढणं त्यामानानं सोपं. मावा पहिल्या दिवशी पूर्ण बंद, त्यात तडजोड नाही, कारण गालातले धागे त्यानं वाढतात आणि आधी धरलेले परत जात नाहीत. तंबाखूसाठी निकोटीनचा च्युइंगम दिला, दोन मिलिग्रॅमचा. चौथ्या दिवशी फोन आला: "डॉक्टर, त्या गोळीनं उचक्या लागत्यात आणि पुन्हा जळजळ."

चूक माझी होती. च्युइंगम म्हटल्यावर माणूस तो चघळतो आणि रस गिळतो. हा मात्र सावकाश आठ-दहा वेळा चावून, झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायचा असतो, अगदी बारासारखा. झिणझिणी गेली की पुन्हा थोडा चावायचा, असं अर्धा तास. भराभर चावला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं आणि उचक्या, मळमळ, जळजळ सगळं होतं. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी घ्यायची नाही. तोंड आंबट असेल तर निकोटीन गालातून शिरत नाही, जी गोष्ट चुन्याच्या बाबतीत आधीच सांगितली. इतकी वर्षं बार धरलेल्या माणसाला हे तंत्र शिकवायला दोन मिनिटंही लागली नसती. मी ती दिली नव्हती.

सोडतानाचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. चिडचिड, झोप नाही, आणि एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही: शौचाला साफ होत नाही. वर्षानुवर्षं आतड्याला निकोटीनची ढुशी मिळत असते, ती थांबली की काही आठवडे आतडं सुस्त पडतं. 'तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही' म्हणत लोक परत वळतात ते इथंच. पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल, तेवढ्यावर त्यांचं निभावलं. घरी तलफ आली की बोलायला म्हणून तंबाखूमुक्तीचा सरकारी मोफत नंबर, १८००-११-२३५६, मुलीनं त्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिला. त्यांनी तो एकदाच लावला, पण लावला.

बार दहावरून चारवर आले तो मेचा दुसरा आठवडा. वहीत त्याच आठवड्यात भाकऱ्या दीडच्या अडीच झाल्या. पहाटे जाग आली ती भुकेनं, असं त्यांनी आश्चर्यानं सांगितलं. कित्येक वर्षांत ते झालं नव्हतं. जूनअखेर वजन ५८, हिमोग्लोबिन १२.६. चवीबद्दल त्यांचं म्हणणं असं की गूळ खारट लागत होता तो आता गोड लागतो. याला माझ्याकडं मोजमाप नाही, पण गुळव्याच्या जिभेवर शंका घ्यायची माझी प्राज्ञा नाही.

याच सुमारास वहिनींनी पिशवीतून मिसरीची डबी काढून टेबलावर ठेवली. भाजलेली तंबाखूच ती, दातांना लावायची. दिवसातून चारदा, वीस वर्षं. मिसरी लावून भांडी घासताना थुंकायला कोण उठतं? रस पोटातच जातो. त्यांनाही भूक नव्हती, त्यांनाही आंबट वर यायचं, आणि इतक्या भेटींत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचा कागद वेगळा केला. हिमोग्लोबिन ८.९.

ऑक्टोबरअखेर चुलवाण पुन्हा पेटलं आणि पहिल्याच आठवड्यात गुळव्यांचे बार चारवरून सातवर गेले. जळजळ परत आली नाही, कारण पहाटेची भाकरी आणि रात्रीची चूळ त्यांनी सोडली नव्हती. भाकरी मात्र पुन्हा दोनवर आली. आता हंगामापुरता च्युइंगम चालू आहे, काहिलीसमोर तोंडात तोच. तोंड अजून ३४ मिलिमीटरच उघडतं आणि ते वाढेल अशी आशा मी त्यांना दिलेली नाही. ओठातला पांढरा डाग फिका झालाय. दर तीन महिन्यांनी तो बघायचा, दोन-तीन आठवड्यांत भरली नाही अशी कुठलीही जखम तिथं झाली तर लगेच यायचं आणि तुकडा तपासायचा, हे मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. तांबडा रस्सा ते अजून घेत नाहीत.